पंधराव्या किलोमीटरला घड्याळ १:५७:४० म्हणतं, प्रमाणपत्र २:०२:०५ म्हणतं

प्रश्न: सोलापुरात विजापूर रोडने जाऊन परत येणारी हाफ मॅरेथॉन धावलो. लक्ष्य होतं दोन तासांच्या आत. पाट्यांजवळचे वेळ असे: ५ किमीला २७:४०, १० किमीला ५६:००, १५ किमीला १:२४:४०. पंधराच्या पाटीजवळ घड्याळातला अंदाज १:५७:४० होता, म्हणून निर्धास्त होतो. कमानीखाली घड्याळ थांबवलं तेव्हा २:०१:१५ झाले होते आणि अंतर २१.३५ किमी. प्रमाणपत्रावर तर २:०२:०५ आलं. धावता धावता शेवटची वेळ नीट कशी काढायची, आणि घड्याळाचा अंदाज नेमका कुठे फसवतो?

उत्तर:

घड्याळाने सांगितलेली वेळ आणि प्रमाणपत्रावरची वेळ यांत ४ मिनिटं २५ सेकंदांचा फरक आहे, आणि तुमच्या आकड्यांवरून त्याचा जवळजवळ सेकंदासेकंदाचा हिशोब लागतो. ८५ सेकंद चुकीच्या अंतरामुळे गेले. ३२ सेकंद सरासरीत दडलेल्या सुरुवातीच्या वेगामुळे. ९८ सेकंद पंधरानंतर तुम्ही खरोखर मंदावलात म्हणून. उरलेले ५० सेकंद स्टार्टच्या रेषेमागे उभं राहण्यात. यातले पहिले दोन आणि शेवटचा भाग पंधराच्या पाटीजवळ उभ्या उभ्या कळू शकत होते. तिसऱ्याची चाहूल लागू शकत होती, नेमका आकडा नाही.

घड्याळ जो अंदाज दाखवतं त्यामागे साधी त्रैराशिकाची मांडणी असते: झालेला वेळ भागिले झालेलं अंतर, गुणिले पूर्ण अंतर. म्हणजे ‘आतापर्यंतच्या सरासरीनेच पुढचं सगळं धावणार’ हे त्यात गृहीत धरलेलं आहे. गणित बरोबरच असतं. चूक शिरते ती त्यात घातलेल्या अंतरात आणि त्या गृहीतकात.

आधी अंतर घेऊ, कारण दोन तासांच्या काठावर धावणाऱ्या बहुतेकांचा घात इथेच होतो.

शर्यतीचा मार्ग मोजताना वळणांवर कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. प्रमाणित मार्गात तर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरलेला असतो, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. आपण मात्र त्या वाटेने कधीच धावत नाही. सुरुवातीच्या गर्दीत डावी-उजवी करतो, पाण्याच्या टेबलाकडे रस्ता ओलांडून जातो, वळण बाहेरून घेतो. त्यात जीपीएसची स्वतःची थोडी हाललेली रेघ मिसळते. विजापूर रोडसारख्या उघड्या रस्त्यावर जीपीएस चांगलं चालतं, तरीही हाफच्या शेवटी २१.२ ते २१.४ किमी दिसणं अगदी नेहमीचं आहे. तुमचं २१.३५ म्हणजे खऱ्या अंतरापेक्षा १.२ टक्के जास्त.

आता पंधराच्या पाटीजवळ काय झालं ते बघा. पाटी म्हणते १५, घड्याळात तेव्हा साधारण १५.१८ किमी झालेले असणार. घड्याळाच्या हिशोबाने तुमचा सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:३५, पाटीच्या हिशोबाने ५:३९. चार सेकंदांचा हा फरक क्षुल्लक वाटतो. पण घड्याळ आपल्या फुगलेल्या किलोमीटरने पेस काढतं आणि त्याला खऱ्या २१.०९७५ किलोमीटरने गुणतं. मोजायला एक माप आणि गुणायला दुसरं. म्हणून घड्याळात १:५७:४०, आणि तेच त्रैराशिक पाटीवरून मांडलं तर १:५९:०५. तुम्हाला दोन मिनिटं वीस सेकंद हाताशी आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात पाटीच्या हिशोबानेही ५५च सेकंद होते.

हा दोष शर्यत संपेपर्यंत जात नाही. अठराव्या किलोमीटरला तुम्ही पुरते मंदावलेले असतानाही घड्याळ १:५८:५४ च्या आसपास सांगत असणार. आणि तुमची नोंद उघडून पाहिलीत तर घड्याळातले २१.१ किमी १:५९:४५ च्या सुमारास पूर्ण झालेले दिसतील. त्या क्षणी कमान अजून अडीचशे मीटर लांब होती, म्हणजे तुमच्या तेव्हाच्या वेगाने दीड मिनिट. धावण्याची ॲपं ‘सर्वोत्तम हाफ’ म्हणून हीच १:५९:४५ ची वेळ नोंदवून मोकळी होतात, आणि पुढच्या शर्यतीचं लक्ष्य या खोट्या आकड्यावर ठरवलं जातं.

उपाय सोपा आहे. घड्याळातलं `Auto Lap` बंद करा आणि पाटी आली की लॅपचं बटण स्वतः दाबा. स्क्रीनवर दोनच गोष्टी ठेवा: एकूण झालेला वेळ आणि चालू लॅपचा वेळ. लॅपचा ‘पेस’ ठेवू नका, कारण तो परत जीपीएसच्या अंतरावरूनच येतो. लॅपचा ‘वेळ’ ठेवा. पाटी ते पाटी ५:४० लागले तर पेस ५:४०, त्यात घड्याळाच्या अंतराचा संबंधच येत नाही.

पण पाटीवर आंधळा विश्वासही नको. छोट्या शर्यतींत पाटी मोजलेल्या जागी न लावता जवळच्या खांबाला बांधलेली असते, आणि पन्नास मीटरचा फरक म्हणजे तुमच्या वेगाने १७ सेकंद. पाटी चुकली हे ओळखायला घड्याळाचं अंतरच कामी येतं. जास्तीचं अंतर हळूहळू आणि सारख्या प्रमाणात वाढायला हवं. पाचच्या पाटीला ५.०६, दहाला १०.१२, पंधराला १५.१८ असं दिसत असेल तर पाट्या ठीक आहेत. दहाला १०.१२ आणि अकराला अचानक ११.३० दिसले तर अकराची पाटी सरकलेली आहे. ती सोडून द्या आणि बाराच्या पाटीला दोन किलोमीटरचा वेळ एकत्र धरा. पाट्याच नसतील, तर घड्याळाच्या पेसला २१.१ ऐवजी २१.३ ने गुणा. अगदी काटेकोर नाही, पण २१.१ पेक्षा खूप जवळचं उत्तर मिळतं.

मार्गच मुळात मोठा किंवा आखूड आखलेला असेल तर तेही शर्यतीनंतर कळतं. एकट्याच्या घड्याळावरून ठरवू नका, आठ-दहा जणांची घड्याळं विचारा. सगळ्यांना २१.२ ते २१.४ दिसत असेल तर मार्ग बरोबर आहे. सगळ्यांनाच २०.८ दिसत असेल तर मार्ग आखूड आहे, आणि त्या वेळेवरून पुढचा अंदाज बांधू नये.

आता गृहीतकाकडे येऊ. अंतर अचूक असलं तरी सरासरी उशिरा जागी होते.

समजा पंधरापर्यंत तुमची सरासरी एक आहे आणि सोळावा किलोमीटर त्यापेक्षा ३० सेकंदांनी मंद गेला. सरासरीवर काढलेला अंदाज फक्त ४० सेकंदांनी पुढे सरकतो, कारण ते तीस सेकंद सोळा किलोमीटरांत वाटले जातात. पण तीच मंद गती शेवटपर्यंत राहिली तर प्रत्यक्ष नुकसान तीन मिनिटांचं असतं. म्हणजे वाईट बातमीचा चौथा हिस्सादेखील घड्याळ तुम्हाला तेव्हा सांगत नाही. बाकीची ते हप्त्याहप्त्याने सांगतं, दर किलोमीटरला थोडी थोडी, आणि तोवर काही करायची संधी निघून जाते.

सुरुवातीला उलटं होतं. तिथे सरासरी फार उतावीळ असते. दोन किलोमीटरला झालेल्या प्रत्येक सेकंदाचे अंदाजात साडेदहा सेकंद होतात, पाच किलोमीटरला सव्वाचार, दहाला दोनाहून थोडे जास्त, पंधराला १.४. सुरुवातीच्या गर्दीत ४० सेकंद अडकलात तर दुसऱ्या किलोमीटरला घड्याळ तब्बल सात मिनिटं उशीर दाखवेल, जो खरा नाही. ते चाळीस सेकंद एकदाच गेलेले असतात, दर किलोमीटरला जात नाहीत. तो आकडा बघून पुढचे तीन किलोमीटर पळत सुटणारे धावपटू नंतरच्या दहा किलोमीटरांत त्याची भरपाई करताना दिसतात. म्हणून पाच किलोमीटरच्या आत शेवटच्या वेळेचा अंदाज बघूच नये. तोवर फक्त पाटी ते पाटी किती लागले तेवढं बघा.

तेव्हा धावताना वापरायचं सूत्र हे:

शेवटची वेळ = झालेला वेळ + (उरलेलं खरं अंतर × गेल्या तीन ते पाच किलोमीटरचा पेस)

झालेला वेळ झाला, तो बदलत नाही. उरलेल्या अंतराला मात्र तुमचा ताजा पेस लावायचा. तीनपेक्षा कमी किलोमीटर धरले तर एखादं पाण्याचं टेबल किंवा छोटा चढ आकडा बिघडवतो, पाचपेक्षा जास्त धरले तर परत सरासरीचंच दुखणं.

तुमच्या पंधराला हे मांडू. झाले १:२४:४०. दहा ते पंधरा या टप्प्याला लागले २८:४०, म्हणजे पेस ५:४४. उरले ६.१ किमी. सहा किलोमीटरचे ३४ मिनिटं २४ सेकंद, वरच्या शंभर मीटरचे ३४ सेकंद, एकूण साधारण ३४:५८. बेरीज १:५९:३८. घड्याळाच्या १:५७:४० शी ताडून बघा. निर्धास्त होण्याची ती जागा नव्हती. दोन तासांना २२ सेकंद शिल्लक, आणि तेही अजिबात मंदावला नाहीत तर.

तुमच्या पाटीच्या वेळांत अजून एक खूण आहे, आणि अंदाज तपासायला तिच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. घड्याळाचा अंदाज वेळोवेळी काय होता ते बघा: पाचला १:५५:२१, दहाला १:५६:४४, पंधराला १:५७:४०. प्रत्येक वेळी तो पुढेच सरकतोय. बरोबर असलेला अंदाज थोडा इकडे, थोडा तिकडे हालतो. एकाच दिशेने सरकत जाणारा अंदाज मुळातच एका बाजूला कललेला असतो, आणि तो तिथेच थांबेल असं मानायला काही कारण नसतं. पाच ते दहामध्ये ८३ सेकंद सरकला, दहा ते पंधरामध्ये ५६. उरलेल्या सहा किलोमीटरांत तो शून्याने सरकेल ही अपेक्षाच चुकीची होती. धावताना तीन आकडे लक्षात ठेवणं अवघड नाही. पाचला, दहाला आणि पंधराला अंदाज काय होता एवढंच मनात ठेवा.

ते ९८ सेकंद, जे कोणत्याच सूत्रात नव्हते, ते पंधरानंतरचे. पंधरा ते शेवट तुम्ही सरासरी ६:०० ने धावलात, त्याआधीच्या ५:४४ पेक्षा १६ सेकंदांनी मंद. त्यामागे दोन कारणं एकत्र आलेली दिसतात.

एक म्हणजे तुमचे पाच-पाच किलोमीटरचे टप्पे: ५:३२, ५:४०, ५:४४, मग ६:००. दोन तासांसाठी लागणारा पेस ५:४१ आहे. पहिले पाच त्याहून ९ सेकंदांनी जलद गेले, आणि तिथून तुम्ही सतत खाली येत गेलात. आधीच मंदावत असलेला धावपटू पुढचे सहा किलोमीटर आहे त्याच पेसने काढेल अशी शक्यता कमी असते.

दुसरं म्हणजे ऊन. जानेवारीत सोलापूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला शर्यत सुटली असं धरलं, तर दीड तासात हाफ संपवणारा पावणेआठला कमानीत असतो आणि त्याने जेमतेम कोवळं ऊन पाहिलेलं असतं. दोन तासांचा धावपटू त्याच वेळी पंधरा-सोळाव्या किलोमीटरला असतो आणि त्याचा सगळ्यांत कठीण भाग उन्हात जातो. तुमचे पहिले सात-आठ किलोमीटर गार अंधारात झाले, म्हणून तेव्हाचा पेस शेवटच्या सहा किलोमीटरांबद्दल फारसं काही सांगत नाही. पहाटे गारवा आणि सूर्य वर आला की झपाट्याने चढणारं तापमान ही आपल्याकडची हिवाळ्यातली ठरलेली रीत आहे. फेब्रुवारी उजाडला की हा फरक आणखी बोचतो.

हे मंदावणं येणार आहे हे आधी कसं कळावं? छातीचा पट्टा किंवा मनगटावरचा सेन्सर असेल तर नाडीकडे बघा. पेस तोच ठेवूनही दहा ते पंधरामध्ये नाडी आठ-दहा ठोक्यांनी चढली असेल, तर शरीर त्याच वेगासाठी जास्त किंमत मोजतंय. तापलेलं अंग थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, घामाने पाणी कमी होतं, आणि हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत करावं लागतं. अशा वेळी पेस अजून पडलेला नसतो म्हणून कोणतंही सूत्र तुम्हाला सावध करत नाही, नाडी करते. सेन्सर नसेल तर श्वास बघा. आठव्या किलोमीटरला शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत होतं आणि चौदाव्याला त्याच पेसवर दोन-तीन शब्दांत दम लागतोय, तर अर्थ तोच.

म्हणून पंधराला एक आकडा काढू नका, दोन काढा. पहिला ताज्या पेसने: तुमच्या बाबतीत १:५९:३८. दुसरा, ताज्या पेसमध्ये दर किलोमीटरला १५ सेकंद घालून: ५:५९ ने ६.१ किमी, म्हणजे साधारण २:०१:१०. नाडी स्थिर, टप्पे सारखे, हवा गार असेल तर पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवा. नाडी चढतेय, टप्पे मंदावतायत, ऊन पाठीवर आलंय, तर दुसरा धरा. पंधरा सेकंद हा आकडा अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही. आपापल्या जुन्या शर्यतींच्या शेवटच्या सहा किलोमीटरांवरून प्रत्येकाने तो ठरवावा. तुमच्या या शर्यतीवरून तुमचा आकडा १६ निघतो, तो पुढच्या वेळी वापरा.

इथे पुष्कळ जण रीगल यांचं सूत्र पुढे करतात, ज्यात अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घेतात. ते तुमच्या पंधराला लावलं तर २:०१:३३ येतं, आणि खऱ्या २:०१:१५ च्या इतकं जवळ आल्यामुळे ते बरोबर असल्याचा भास होतो. पण ते सूत्र दोन वेगवेगळ्या, जीव तोडून धावलेल्या शर्यतींची तुलना करतं: एक पंधरा किमीची धावलात तर हाफ किती वेळात धावाल, असं. हाफमधले पहिले पंधरा तुम्ही तसे धावलेले नसता, नसायलाच हवेत. अगदी सम पेसने, जोर राखून १:२४:४० ला पंधरा गाठलेल्या माणसालाही ते सूत्र २:०१:३३ च सांगेल आणि तो १:५९ ला पोचेल. चालू शर्यतीच्या स्प्लिटवर ते लावू नये.

आता ते ५० सेकंद. बंदूक वाजली तेव्हा तुम्ही रेषेच्या मागे गर्दीत होता, रेषेवर पोचायला ५० सेकंद लागले. घड्याळ तुम्ही रेषेवर सुरू केलंत, आणि बिबवरच्या चिपनेही तिथूनच मोजलं. पण तुमच्या प्रमाणपत्रावर गन टाइम छापला गेला. काही ठिकाणी दोन्ही वेळा छापतात, काही ठिकाणी एकच. निकालाच्या पानावर चिप टाइम किंवा नेट टाइम वेगळा दिलेला आहे का ते बघा; असेल तर तो २:०१:१५ च्या सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे असेल. वयोगटातलं बक्षीस किंवा एखादी पात्रता गन टाइमवर असेल, तर तो उशीर आधीच लक्ष्यातून वजा करावा लागतो. रेषा ओलांडताना कमानीवरचं मोठं घड्याळ काय दाखवतंय ते एकदा वाचून ठेवा. तेवढा आकडा शेवटपर्यंत पुरतो.

हे सगळं धावताना डोक्यात करायचं तर अंदाजापेक्षा उलटा प्रश्न विचारणं सोयीचं पडतं: लक्ष्यासाठी उरलेल्या अंतरात किती पेस हवा? पंधराला दोन तासांसाठी ३५ मिनिटं २० सेकंद उरले होते आणि ६.१ किमी. म्हणजे ५:४८ चा पेस हवा. तुम्ही ५:४४ ने धावत होता. दर किलोमीटरला चारच सेकंद हाताशी, एका पाण्याच्या टेबलाजवळ थांबलात तर संपणारे. आणि लक्ष्य गन टाइमचं असतं तर ५० सेकंद कमी करून ५:३९ हवा होता. म्हणजे पंधरालाच तुम्ही मागे होता, आणि घड्याळ तेव्हा १:५७:४० दाखवत होतं. लागणारा पेस हा आकडा सरासरीसारखा झोपत नाही. तुम्ही मंदावलात की तो दर किलोमीटरला तुमच्यापासून दूर जातो आणि जितका शेवट जवळ तितका वेगाने जातो. अठराला तुम्हाला ५:३६ हवा होता आणि धावत होता ६:०० ने. तिथे प्रश्न मिटलेला होता.

भागाकार जमत नसेल तर हातावर चार आकडे लिहून जा. दोन तासांसाठी ५ किमीला २८:२६, १० ला ५६:५३, १५ ला १:२५:१९, २० ला १:५३:४५. तुम्ही पाचला ४६ सेकंद पुढे, दहाला ५३, पंधराला ३९. शिल्लक दहापर्यंत वाढत होती आणि नंतर घटायला लागली. शिल्लक घटायला लागली ती पाटी महत्त्वाची. तिच्यानंतर सरासरीवरचा कोणताही आकडा धरू नका.

मार्ग जाऊन-येऊन असला की चढ-उताराचाही विचार करावा लागतो. जाताना हलका उतार असेल तर येताना तोच चढ. ढोबळमानाने एक टक्का चढ किलोमीटरला आठ-दहा सेकंद खातो, आणि एक टक्का उतार त्याच्या निम्मेच परत देतो. म्हणून वळणाच्या जागेवर काढलेला अंदाज जाणं उताराचं असेल तर हमखास गोड येतो. आदल्या दिवशी मार्ग दुचाकीवरून फिरून, उड्डाणपूल आणि लांब चढ कितव्या किलोमीटरला आहेत ते बघून ठेवलं की ताजा पेस वाचताना घोटाळा होत नाही.

एक सेटिंग लगेच तपासा: `Auto Pause`. ते चालू असेल तर पाण्याच्या टेबलाजवळ थांबलात की घड्याळही थांबतं, शर्यत थांबत नाही. चार टेबलांवर दहा-दहा सेकंद म्हणजे ४० सेकंद अंदाजातून गायब. तुमच्या घड्याळाचा वेळ आणि चिपचा वेळ जुळत असेल तर तुमच्याकडे ते बंदच आहे. शर्यतीसाठी बंदच असावं, आणि स्क्रीनवर `Elapsed Time` असावा.

सरासरीवरचा अंदाज अव्वल धावपटूंनाही दोन्ही बाजूंनी चुकवतो. २०२२ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये एलियुड किपचोगेने अर्धं अंतर ५९:५१ ला पार केलं. दुप्पट केलं तर १:५९:४२, प्रत्यक्षात २:०१:०९. पुढच्या वर्षी शिकागोत केल्विन किप्टमचा अर्ध्यावरचा वेळ १:००:४८ होता, दुप्पट २:०१:३६, आणि तो संपला २:००:३५ ला. पहिल्याने सुरुवात जोरात केली, दुसऱ्याने जोर शेवटासाठी ठेवला. अर्ध्यावरच्या सरासरीत हा फरक दिसत नाही. तो दिसायला शेवटच्या पाच किलोमीटरचे टप्पे वेगळे बघावे लागतात.

घरचे लोक मोबाइलवर लाइव्ह ट्रॅकिंग बघत कमानीजवळ वाट बघत असतील, तर त्यांनाही एवढं सांगून ठेवा. त्या पानावरची ‘अपेक्षित वेळ’ चिप वाचणाऱ्या, शेवटच्या ओलांडलेल्या मॅटवरून काढलेली असते. मॅट फक्त दहा किलोमीटरला असेल, तर पुढचे अकरा किलोमीटर तो आकडा बदलतच नाही. तुमच्या शर्यतीत तो १:५८:०९ वर थांबला असता आणि तुम्ही आणखी तीन मिनिटांनी आला असतात. तेवढ्या उशिराने घाबरून फोन करू नका, म्हणावं.